एका पिशवीतले तीन पांढरे: चॉकलेटवर बुरा आलाय की आतली चरबी वर आलीय?

जुलैत दांडिया बाजारातून मावशीचा फोन आला. मावसभावाने मे महिन्यात परदेशातून आणलेली सगळी चॉकलेटं पांढरी पडली होती. शेजारच्या बेननी डब्यात डोकावून ‘फूग’ म्हणून निकाल देऊन टाकला होता आणि मावशी पिशवी कचऱ्यात टाकायच्या बेतात होती. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या: टाकू नकोस आणि पुसूही नकोस. पुसलं की पुरावा जातो.

मी गेली आठ वर्षं बडोद्यात घरीच चॉकलेटं करते, दिवाळीच्या ऑर्डरी घेते. चॉकलेटवरचा पांढरेपणा हा इथला नेहमीचा प्रश्न आहे, कारण आपल्या शहराचे दोन ऋतू त्याला दोन वेगवेगळ्या वाटांनी पांढरं करतात. मावशीच्या पिशवीत योगायोगाने तिन्ही प्रकार निघाले: एका साध्या डार्क चॉकलेटच्या वडीवर आतून वर आलेली चरबी, हेझलनटच्या मिल्क चॉकलेटवर साखर, आणि मऊ क्रीम भरलेल्या ट्रफलच्या डब्यात खरीखुरी बुरशी. ती तिन्ही कशी ओळखली, ते त्याच क्रमाने सांगते.

साध्या चॉकलेटला बुरा सहसा का येत नाही

लोणच्याला, ब्रेडला, ओल्या खोबऱ्याला बुरा येतो, कारण बुरशीला वाढायला पाणी लागतं. साध्या, काही न भरलेल्या चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. जे असतं तेही साखरेने आणि कोकोने धरून ठेवलेलं असतं. अन्नातलं पाणी बुरशीला कितपत उपलब्ध आहे, हे मोजायचं एक माप असतं. त्यात शुद्ध पाणी १ धरतात. बुरशीला साधारण ०.६५ ते ०.७ च्या वर पाणी लागतं आणि साधं चॉकलेट ०.५ च्याही खालीच राहतं. म्हणून साध्या वडीवर पांढरं दिसलं की बुरशीचा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

हे फक्त साध्या चॉकलेटचं झालं. ताजं क्रीम, फळाचा गर किंवा मऊ कॅरमेल आत भरलेलं असेल, तर आतल्या सारणात बुरशीला पुरेसं पाणी असतं. त्यामुळे तपासायला बसताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. आत काय भरलंय, हे आधी वेष्टनावर वाचायचं.

आधी नुसतं बघायचं

मावशीकडे मी तिन्ही नमुने पांढऱ्या ताटलीत वेगवेगळे ठेवले, खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलची टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवी धरली. वरून प्रकाश टाकला तर सगळेच पांढरे सारखे दिसतात. आडव्या प्रकाशात उंचवट्याची सावली पडते, आणि सगळा फरक त्या सावलीत असतो.

चरबीचा थर सपाट असतो. राख फासल्यासारखा किंवा संगमरवरावरच्या रेघांसारखा दिसतो. कधी मधे गडद आणि भोवती फिकट अशी वर्तुळं असतात. त्याला सावली नसते. डार्क वडी हुबेहूब अशी होती. साखरेचा थर करडा, निस्तेज आणि खरखरीत दिसतो. टॉर्चमध्ये बारीक कण चमकतात आणि काही ठिकाणी पाण्याचा थेंब वाळल्यावर उरतो तसा गोल डाग असतो. हेझलनटच्या वडीवर असे डाग होते.

बुरशीला मात्र उंची असते. ती एका ठिपक्यापासून सुरू होऊन गोल पसरते, कापसासारखी किंवा मखमलीसारखी लव दिसते आणि तिची सावली पडते. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून पाहिलं की धागे दिसतात. पांढऱ्याच्या मध्यभागी हिरवट, निळसर किंवा काळपट छटा असेल तर शंकाच उरत नाही. ट्रफलच्या डब्यात तीन गोळ्यांवर अशी लव होती, आणि तीही नेमकी तळाच्या जोडावर, जिथे कवच तडकून आतलं क्रीम उघडं पडलं होतं. बुरशी बहुधा अशाच जागी येते.

पांढरं म्हणजे कोळ्याच्या जाळीसारखे ताणलेले धागे आणि त्यात अडकलेली बारीक कणी असेल, तर ती ना बुरशी, ना चरबी. ते धान्याला आणि सुक्या मेव्याला लागणाऱ्या पतंगाच्या अळीचं काम असतं. असा माल टाकायचा आणि त्याच फळीवरचे काजू-बदामही चाळून बघायचे.

लव दिसली तर पुढच्या कसोट्या करायच्याच नाहीत. डबा नाकाशी नेऊन वास घेऊ नये. बुरशीचे बारीक बीजाणू श्वासात जातात. मी ट्रफलचा डबा तिथेच झाकून बाजूला ठेवला.

बोट, चमचा आणि पाण्याचा थेंब

राहिलेल्या दोन वड्यांसाठी हात धुऊन पूर्ण कोरडे केले आणि बोटाचं टोक डार्क वडीवरच्या पांढऱ्या भागावर न घासता नुसतं टेकवून पंधरा सेकंद ठेवलं. बोट उचललं तर तिथे पांढरं जाऊन गडद, चकचकीत ठसा उमटला होता. चरबी बोटाच्या उबेने वितळते. हेझलनटच्या वडीवर तेच केलं, तर पांढरं तसंच राहिलं आणि बोटाला बारीक रवा लागल्यासारखं वाटलं.

पण या कसोटीला एक मर्यादा आहे. फार जुन्या चॉकलेटवरची चरबी अशा रूपात गोठलेली असते की तिला वितळायला ३६ अंशांच्या आसपास उष्णता लागते. बोटाच्या टोकाची कातडी त्याहून थंड असते, विशेषतः एसीत बसलेल्या माणसाची. तेव्हा बोटाने पांढरं गेलं नाही म्हणून लगेच ती साखर समजायची नाही. अशा वेळी स्टीलचा चमचा गरम पाण्यात बुडवून, नीट कोरडा पुसून, त्याची पाठ त्या जागी दोन-तीन सेकंद हलकेच टेकवायची. चरबी असेल तर जागा आरशासारखी चमकते. साखर असेल तर खालचं चॉकलेट मऊ होतं, पण वर निस्तेज कण दिसत राहतात.

त्यानंतर पाणी. काडीने किंवा बोटाच्या टोकाने एक लहानसा थेंब पांढऱ्या भागावर ठेवायचा. चरबीवर थेंब अळूच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहतो आणि खालचं पांढरं जागचं हलत नाही. साखरेवर थेंब पसरतो, पांढरं विरघळतं आणि मिनिटभराने तिथे चिकट लागतं. ही कसोटी कोपऱ्यातल्या एकाच जागी करावी, कारण ओली केलेली जागा वाळल्यावर पुन्हा पांढरी होणारच.

हेझलनटच्या वडीने मला थोडा वेळ गोंधळात टाकलं. वरचा सपाट भाग पाण्याने विरघळत होता, पण जिथे आत हेझलनट होते तिथली वर्तुळं विरघळेनात. तिथे गरम चमचा लावला तर ती चमकली. म्हणजे एकाच वडीवर दोन्ही पांढरे होते. सुक्या मेव्यातलं तेल हळूहळू भोवतीच्या चॉकलेटमध्ये झिरपतं आणि तिथल्या कोको बटरची, म्हणजे चॉकलेटच्या मूळ चरबीची, घडी मोडतं, म्हणून दाण्यांभोवती चरबीचा थर लवकर येतो. एकाच जागी तपासून निकाल देऊ नये, हे मी अशाच वड्यांवरून शिकले.

इथपर्यंत बुरशी नाही याची खात्री झाली असेल, तरच वडी मोडून वास घ्यायचा. मेवा असेल तर खवट वास आहे का बघायचं. जुन्या शेंगदाण्याला येतो तसा. खवटपणाचा पांढऱ्या थराशी संबंध नसतो, पण वडी खायची की नाही हे तो ठरवतो. दाणा आतून काळपट किंवा बुरसट असेल तर चॉकलेट कितीही चांगलं दिसो, खाऊ नये. सगळ्यात शेवटी अगदी लहान तुकडा जिभेवर ठेवून बघायचा.

चरबी वर येते म्हणजे काय होतं

साजूक तूप घरी कढवणाऱ्याला हे पटकन कळेल. तेच तूप हळूहळू गार झालं तर रवाळ होतं आणि पटकन फ्रीजमध्ये टाकलं तर गुळगुळीत गोठतं. तूप बदललं नाही, गोठायची पद्धत बदलली. कोको बटर याबाबतीत तुपापेक्षा खूपच लहरी आहे: ते सहा वेगवेगळ्या रूपांत गोठू शकतं. त्यातलं पाचवं रूप आपल्याला हवं असतं. ते ३३-३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं; चकाकी आणि मोडतानाचा ‘टक’ आवाजही त्याचाच. कारखान्यात चॉकलेट ठरावीक तापमानांतून फिरवून मुद्दाम या रूपात आणतात. त्याला टेंपरिंग म्हणतात.

मावशीची डार्क वडी अहमदाबादच्या विमानतळावरून बडोद्याला गाडीतून आली. वाटेत जेवायला थांबले तेव्हा पिशवी बंद गाडीत राहिली. मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत ५० अंशांच्या वर सहज जातं. वडी आतल्या आत वितळली, घरी एसीत पुन्हा गोठली, पण आता तिला शिस्तीने गोठवणारं कुणी नव्हतं. चरबी मिळेल त्या रूपात गोठली आणि पुढच्या काही दिवसांत पृष्ठभागावर येऊन तिचे मोठे स्फटिक झाले. तोच तो पांढरा थर.

वितळलं नाही तरी हे होऊ शकतं. खोली रोज २४ ते ३० अंशांमध्ये खालीवर होत असेल, तर चरबीचा थोडा भाग द्रव होतो, सूक्ष्म फटींतून वर सरकतो आणि तिथे गोठतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी या संशोधन संस्थेत २०१५ मध्ये क्ष-किरणांनी हेच पाहिलं: द्रव चरबी चॉकलेटमधल्या बारीक छिद्रांतून फार झपाट्याने आत शिरते आणि नंतर आतली घट्ट चरबी मऊ करते. म्हणूनच मुदतीची तारीख पुढची असली तरी बडोद्याच्या उन्हाळ्यात थर येऊ शकतो आणि त्यात दुकानदाराने जुना माल दिलाच असेल असं नाही.

हा थर खायला सुरक्षित आहे, लहान मुलांनाही. फक्त वडी ठिसूळ होते, तोंडात मेणचट लागते आणि चव उशिरा सुटते.

डार्क वडी पुन्हा कशी बसवली

मावशीची वडी २०० ग्रॅम होती. तिच्या जोडीला मी त्याच प्रकारचं, थर न आलेलं, चकाकी असलेलं १०० ग्रॅम डार्क चॉकलेट घेतलं. वेष्टनावर कोको बटर लिहिलेलं हवं. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. त्याला टेंपरिंग लागत नाही, पण ते खऱ्या चॉकलेटमध्ये मिसळलं की दोन्ही चरबींचं जमत नाही आणि काही दिवसांत पुन्हा पांढरं होतं. घरगुती चॉकलेटवाल्यांचा अर्धा त्रास या मिसळीतून येतो. ‘थोडं कंपाउंड घातलं तर स्वस्त पडतं’ या सल्ल्यावर मी पहिल्या दिवाळीत एक अख्खा घाणा वाया घालवला होता.

पांढरी वडी चिरून कोरड्या काचेच्या भांड्यात घेतली. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून गॅस बंद केला आणि भांडं वर ठेवलं, तळ पाण्याला टेकू दिला नाही. थर्मामीटरवर ४५ अंश दिसेपर्यंत हलवत राहिले. या तापमानाला सगळी जुनी रूपं वितळतात. या कामात पाण्याचा एक थेंबही नको, नाहीतर चॉकलेट एकदम घट्ट गोळा होतं.

मग भांडं उतरवून चांगलं चॉकलेट बारीक चिरून तीन वेळा थोडं थोडं घातलं आणि सतत हलवलं. हे विरजणासारखं आहे: चांगल्या रूपातले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. पांढरी पडलेली वडी विरजण म्हणून कधीच वापरू नये. ती वितळवायच्या भागातच जायला हवी. तापमान ३२ वर आलं तेव्हा उरलेले न विरघळलेले तुकडे काढून घेतले. डार्कसाठी काम ३१-३२ अंशांवर करायचं, मिल्क चॉकलेटसाठी २९-३० वर.

साच्यात ओतण्याआधी सुरीचं टोक बुडवून एसीच्या खोलीत ठेवलं. पाच मिनिटांत ते चमकदार गोठलं, म्हणजे जमलं. दहा मिनिटांनीही चिकट किंवा रेघा-रेघांचं राहिलं असतं, तर पुन्हा ४५ पासून सुरुवात. खोली २२-२३ अंशांपेक्षा गरम असेल तर हे नीट होत नाही. बडोद्यात म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत एसीशिवाय आणि इतर वेळी एसी लावूनच करावं.

एवढी खटपट नको असेल तर पांढरी वडी केकमध्ये किंवा गरम दुधात घालावी. तिथे चरबी कशी गोठली होती याने काहीच फरक पडत नाही.

साखरेचा पांढरा आणि फ्रीजची सवय

हेझलनटची वडी मावशीने नुसत्या पातळ चांदीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली होती आणि नातवाला रोज एक तुकडा मोडून द्यायला बाहेर काढत होती. जुलैत बडोद्याच्या हवेत इतका ओलावा असतो की २५ अंशांच्या आसपासच्या वस्तूलाही दव धरायला लागतं. पाच अंशांची वडी बाहेर आली की तिला मिनिटभरात घाम फुटतो. त्या पाण्यात वरची साखर विरघळते, पाणी उडून जातं आणि साखर खडबडीत कणांनी मागे राहते. हे रोज झालं की थर जाडच होत जातो.

हाही खायला सुरक्षित आहे, पण टेंपरिंगने सुधारत नाही. वितळवलं तरी कण राहतात, आणि ओलावा शिरला असेल तर चॉकलेट गोळा होतं. दाण्यांना खवट वास नव्हता, म्हणून ती वडी आम्ही अर्धा लिटर दुधात उकळून नातवाला पाजली. दुधात साखर विरघळते, प्रश्न मिटतो.

ट्रफलचं काय केलं

लव तीनच गोळ्यांवर होती. मावशी म्हणाली, “बाकीचे तर चांगले दिसतायत गं, तेवढे काढून टाकू.” कडक चीजचा मोठा तुकडा असता तर बुरशीभोवतीचा भाग खोल कापून बाकी वाचवता येतो. मऊ, ओलसर सारणात मात्र बुरशीचे धागे डोळ्यांना न दिसता आत पसरलेले असतात, आणि एकाच डब्यात एकमेकांना टेकलेल्या गोळ्यांवर बीजाणू पडलेले असतात. क्रीमचा डबा अडीच महिने उघडा होता, हेही होतंच. मी डबा न उघडता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि टाकला. ज्या फळीवर तो होता ती व्हिनेगरच्या पाण्याने पुसून कोरडी केली. बीजाणू उडू नयेत म्हणून कोरडं फडकं झटकलं नाही.

क्रीमचे ट्रफल घरी केले असतील तर ते फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावेत. विकतचे असतील तर वेष्टनावरची मुदत बंद डब्याची असते हे लक्षात ठेवावं.

बडोद्यात ठेवायचं कसं

चॉकलेटला १५ ते १८ अंश आणि कोरडी हवा लागते. आपल्याकडे तशी जागा हिवाळ्यातले दोन-अडीच महिनेच मिळते. तेव्हा बंद डब्यात, मसाल्यांपासून दूर, बाहेरच ठेवावं. कोको बटर हिंगाचा वास चटकन उचलतं. माठाजवळची जागा गार लागते, पण ती ओलीही असते. तिथे ठेवू नये.

मार्च ते ऑक्टोबर फ्रीजशिवाय पर्याय नाही. वडी आधी चांदीत, मग झिपच्या पिशवीत हवा काढून, मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दारातला कप्पा नको. दार उघडझाप होईल तशी तिथली हवा गरम-गार होत राहते. आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. तो बंदच ओट्यावर ठेवायचा, म्हणजे दव डब्याच्या बाहेर धरतं. पावसाळ्यात डब्याची बाहेरची बाजू पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचं. मोठ्या डब्याला दीड-दोन तास लागतात. म्हणून रोज मोठा डबा काढण्यापेक्षा आठवड्याचे तुकडे एका लहान डब्यात वेगळे करून ठेवावेत.

मावशीच्या नव्याने बसवलेल्या डार्कचे मी असेच दोन डबे केले. मोठ्याच्या झाकणावर तारीख लिहिली आणि लहानावर ‘बाहेर काढा, उघडू नका, दोन तास’. चार दिवसांनी तिचा फोन आला, की नातू शाळेतून येण्याआधी दोन तासांचा गजर लावते आहे आणि वडी अजून चमकते आहे.